दर गुरुवारी, पण दोन गुरुवार सोडून

दर आठवड्याला भरणारा वर्ग किंवा बैठक डिजिटल कॅलेंडरवर एकदाच नोंदवली जाते आणि पुढच्या सगळ्या तारखा आपोआप दिसू लागतात. या तारखा कॅलेंडरमध्ये एकेक करून लिहून ठेवलेल्या नसतात. साठवलेला असतो तो फक्त एक नियम, 'अमुक तारखेपासून, दर गुरुवारी, इतक्या वेळा', आणि त्यासोबत अपवादांची एक छोटी यादी. पडद्यावर महिना उघडला की त्या दोहोंचा मेळ घालून तारखा मांडल्या जातात. सुट्टीचा आठवडा वगळताना किंवा एखादे सत्र हलवताना होणारे बहुतेक गोंधळ नियम आणि अपवाद यांची गल्लत झाल्याने होतात.

उदाहरणादाखल मोडी लिपीचा एक ऑनलाइन वर्ग घेऊ. गुरुवार, 4 सप्टेंबर 2025 पासून दर गुरुवारी संध्याकाळी 7 ते 8 अशी वेळ आणि एकूण 12 सत्रे ठरली आहेत. मात्र 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आहेत आणि 23 ऑक्टोबरला भाऊबीज. दोन्ही गुरुवार, त्यामुळे दोन्ही दिवशी वर्ग नाही. शिवाय 6 नोव्हेंबरला शिक्षक प्रवासात असल्याने ते एक सत्र शुक्रवारी, 7 तारखेला साडेसहा वाजता होईल.

पहिली चूक मोजणीत होते. संयोजक 'बारा वेळा' असा नियम देतो आणि मग सुट्टीचे दोन दिवस काढून टाकतो. पण नियमातली संख्या अपवाद वजा करण्याआधी मोजली जाते. बारावा गुरुवार 20 नोव्हेंबरला येतो, मालिका तिथेच थांबते आणि प्रत्यक्षात दहाच सत्रे उरतात. वगळलेल्या दिवसांची भरपाई कॅलेंडर स्वतःहून करत नाही. बारा सत्रे हवी असतील, तर नियमात 14 आठवडे धरावे लागतात, म्हणजे शेवटचा गुरुवार 4 डिसेंबर. त्याहून सोपा मार्ग म्हणजे संख्या न देता अखेरची तारीख देणे. ती ठरवताना पंचांग समोर ठेवून गुरुवार मोजावेच लागतात, त्यामुळे चूक तेव्हाच लक्षात येते.

कॅलेंडरांची एकमेकांशी देवाणघेवाण ज्या iCalendar स्वरूपात होते, त्यात वरील मालिकेचा गाभा असा दिसतो:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250904T190000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TH;COUNT=14
EXDATE;TZID=Asia/Kolkata:20251002T190000,20251023T190000
```

पहिल्या ओळीत आरंभ, दुसरीत नियम आणि तिसरीत वगळलेले दिवस आहेत. तिसऱ्या ओळीत नुसती तारीख नाही, संध्याकाळचे 7 हेही लिहिले आहे. अपवाद नियमातून निघणाऱ्या नेमक्या त्या सत्राच्या आरंभवेळेशी जुळला, तरच ते सत्र गळते. अर्ध्या तासाचा फरक पडला, तरी अपवादाचा उपयोग होत नाही.

हलवलेल्या सत्राची नोंद वेगळी असते. तिच्यावर मालिकेचाच ओळखक्रमांक असतो आणि ती मूळ सत्राकडे बोट दाखवते:

```
RECURRENCE-ID;TZID=Asia/Kolkata:20251106T190000
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20251107T183000
```

'6 नोव्हेंबरला 7 वाजता जे व्हायचे होते, ते आता 7 नोव्हेंबरला साडेसहाला' असा याचा अर्थ. म्हणून सत्र हलवायचे असेल, तर तेच सत्र उघडून त्याची तारीख बदलावी आणि गूगल कॅलेंडरने विचारल्यावर `This event` निवडावे. अनेक जण गुरुवारचे सत्र काढून टाकतात आणि शुक्रवारी नवे तयार करतात. त्यामुळे उपस्थितांकडे एक 'रद्द' आणि एक अनोळखी आमंत्रण असे दोन निरोप जातात. पहिला वाचून कोणी वर्गच बंद झाला असे समजतो. दुसऱ्यात पूर्वीची बैठकीची लिंक असेलच असे नाही. सत्र हलवले, तर निरोप एकच जातो आणि जुनी व नवी वेळ एकमेकांशी जोडलेली राहते. वेळ बदलल्याने उपस्थितांना त्या सत्रापुरता पुन्हा होकार द्यावा लागू शकतो. आधीचे होकार गृहीत धरू नयेत.

खरी पंचाईत होते ती अपवाद करून झाल्यावर नियमाला हात लावला की. समजा 9 ऑक्टोबरपासून वर्ग साडेसातला घ्यायचे ठरले आणि संयोजकाने `This and following events` निवडले. अशा वेळी मालिका दुभंगते. जुनी मालिका 9 तारखेच्या आधी संपते आणि साडेसातची नवी मालिका सुरू होते. भाऊबिजेचा अपवाद मात्र 'सात वाजता'च्या सत्राला चिकटलेला होता आणि नव्या मालिकेत तसे सत्रच नाही. परिणामी 23 ऑक्टोबरला साडेसातचा वर्ग पुन्हा दिसू लागतो आणि 7 नोव्हेंबरचे हलवलेले सत्र परत गुरुवारी जाऊन बसते. मालिकेचा मूळ आराखडा बदलला की आधीचे अपवाद पुसले जाणे हे इतर कॅलेंडरांतही घडते. म्हणून आधी नियम पक्का करावा आणि अपवाद शेवटी करावेत. नंतर नियम बदलावाच लागला, तर पुढचे अपवाद आधी कागदावर उतरवून घ्यावेत आणि बदलानंतर एकेक पुन्हा करावेत. मागची सत्रे झालेली असल्याने `All events` हा पर्याय टाळलेला बरा, नाहीतर होऊन गेलेल्या वर्गांच्या वेळाही बदलतात.

उपस्थितांच्या बाजूने पाहिले, तर वगळलेले सत्र त्यांच्या कॅलेंडरवरून नुसते नाहीसे होते. ती जागा रिकामी दिसते, पण का रिकामी आहे ते कळत नाही. म्हणून त्या तारखेला 'भाऊबीज, आज वर्ग नाही' अशी पूर्ण दिवसाची नोंद सगळ्यांना पाठवावी. त्याच वेळी मालिकेच्या वर्णनात सुट्ट्या आणि बदललेली तारीख लिहावी. सत्र काढताना किंवा हलवताना कॅलेंडर सूचना पाठवायची का असे विचारते, तेव्हा नकार देऊ नये. वेगवेगळ्या कंपन्यांची कॅलेंडरे वापरणाऱ्यांपर्यंत बदल पोहोचतो तो बहुधा त्या सूचनेतूनच. ज्यांनी सुरुवातीला .ics फाइल उतरवून आपल्या कॅलेंडरात घातली, त्यांच्याकडे तर फक्त त्या दिवशीची नक्कल असते आणि पुढचा कोणताही बदल तिच्यात आपोआप येत नाही. त्यांना तारखा वेगळ्या निरोपाने कळवाव्या लागतात.

परदेशातल्या विद्यार्थ्यांना एक बदल अपवाद नसतानाही अपवादासारखा दिसतो. न्यू जर्सीत हा सातचा वर्ग 30 ऑक्टोबरपर्यंत सकाळी साडेनऊला असतो. अमेरिकेतली घड्याळे 2 नोव्हेंबर 2025 रोजी एक तास मागे जातात, म्हणून त्यानंतरचे वर्ग तिथे एक तास लवकर दिसतात. 7 नोव्हेंबरचे साडेसहाचे सत्र तिथे सकाळी 8 वाजता येते. तिथल्या विद्यार्थ्याला एकाच आठवड्यात दोन कारणांनी बदल दिसतो, त्यामुळे वर्णनात भारतीय वेळ स्पष्ट लिहिलेली असावी.

सर्व बदल झाल्यावर एक तपासणी पुरते. संयोजकाने स्वतःचे नव्हे, तर वेगळे कॅलेंडर वापरणाऱ्या एखाद्या उपस्थिताचे सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने उघडून पाहावेत. 2 आणि 23 ऑक्टोबर रिकामे, 6 नोव्हेंबर रिकामा, 7 नोव्हेंबरला एक सत्र, शेवटचे 4 डिसेंबरला आणि एकूण बारा. मोजणीत तेरा आली, तर एखादा अपवाद गळला आहे. दहा आली, तर नियमातली संख्या कमी पडली आहे.