मॅचच्या रात्री दुकानाने काय बोलावं?

2 नोव्हेंबर 2025, रविवार. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. खेळ दुपारी 3 वाजता सुरू व्हायचा होता. पाऊस आला आणि पहिला चेंडू पडायला 5 वाजले. घरी बसून बघणाऱ्यांचं फार तर दोन जास्तीच्या चहांवर भागलं. पंचाईत झाली असेल ती सकाळीच अभिनंदनाची पोस्ट तयार करून, ‘रात्री 10.45’ अशी वेळ लावून निर्धास्त झालेल्या दुकानदाराची. कारण पावणेअकराला दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट अजून मैदानात होती आणि शतकाच्या दिशेने निघाली होती. सामना संपला तो मध्यरात्र उलटल्यावर.

खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानाला मॅचच्या दिवशी काहीतरी बोलावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. त्या दिवशी गप्प बसायला मिठाईवाल्याला काही वाटणार नाही, पण बॅट विकणारा गप्प कसा बसेल? अडचण एवढीच, की त्याच्या बोलण्याकडे लोक संशयाने बघतात. ‘आला बघा, मॅचच्या नावाखाली माल खपवायला!’ हा संशय शब्दांमुळे जितका येतो, त्याहून जास्त वेळेमुळे येतो असं माझं मत आहे. तेच वाक्य सकाळी गोड वाटतं आणि रात्री लोचट.

उदाहरणासाठी सांगलीतलं एक दुकान धरून चालू. सांगली अशासाठी, की स्मृती मानधना तिथली आणि त्यामुळे मोह सगळ्यात मोठा तिथेच. मालक पन्नाशीचे काका, फोन सांभाळणारा त्यांचा पुतण्या. हाताशी इन्स्टाग्रामचं पान, फेसबुकचं पान आणि व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस.

पुतण्याने आधी समजून घ्यायची गोष्ट अशी, की इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर टाकलेली पोस्ट लोकांना टाकल्या क्षणी दिसत नाही. ती कुणाला कधी दाखवायची हे ते अ‍ॅप ठरवतं. रविवारी संध्याकाळी टाकलेलं ‘बघताय ना मॅच?’ काहींना मंगळवारी दुपारी दिसतं, तेव्हा निकाल लागून दोन दिवस झालेले असतात. म्हणून घड्याळाला बांधलेलं जे काही असेल ते स्टोरीत किंवा स्टेटसमध्ये जावं. ते 24 तासांनी आपोआप पुसलं जातं. पानावर कायम राहणारी पोस्ट मात्र अशी हवी, की ती दोन दिवसांनी वाचली तरी शिळी लागू नये आणि निकाल कसाही लागला तरी खोटी ठरू नये.

अशी पोस्ट मिळते कुठून? दुकानातूनच. पुरुषांच्या क्रिकेटमधला चेंडू साधारण 156 ते 163 ग्रॅमचा असतो, महिलांच्या क्रिकेटमधला 140 ते 151 ग्रॅमचा. फरक लहान आहे, पण हातात घेतला की कळतो. टीव्हीसमोर बसलेल्या शंभरातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? दुकानाच्या फळीवर मात्र दोन्ही चेंडू पडलेले असतात. काकांनी शनिवारी संध्याकाळी दोन्ही काट्यावर ठेवावेत आणि पुतण्याने सरळ वरून फोटो घ्यावेत. रविवारी सकाळी 10 ते 11 च्या दरम्यान, लोक नाश्ता उरकून फोन चाळत असतात तेव्हा, हे टाकावं :

‘आज मैदानात उतरणार आहे तशा वजनाचा चेंडू आमच्या काट्यावर 145 ग्रॅम भरला. पुरुषांचा 158. घरात ताई-दादा दोघंही खेळत असतील तर एकदा अदलाबदल करून बघा.’

किंमत नाही, ‘आजच या’ नाही, सवलत नाही, मैदानातल्या कुणाचं नावही नाही. दुकानाचं नाव पानावर आहेच, ते फोटोवर पुन्हा ठसठशीत छापायची गरज नाही. पाऊस येवो, सामना लांबो, हार होवो, या पोस्टला धक्का लागत नाही. आणि जो वाचेल त्याला रात्री मॅच बघताना शेजारच्याला सांगायला काहीतरी मिळालेलं असतं.

याउलट संधिसाधूपणा कसा ओळखायचा? पोस्टमधून मॅच काढून टाका. मागे फक्त भाव उरत असेल, तर मॅच वेठीला धरली होती असं समजा. ‘पडेल त्या प्रत्येक विकेटला बॅटवर 5 टक्के सूट’ ही कल्पना ऐकायला गमतीची आहे. पण आपल्याच विकेटा धडाधड पडू लागल्या की गिऱ्हाईक दोन्हीकडून चिडतं. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादला सलग दहा सामने जिंकून आलेला भारत 240 धावांत आटोपला आणि ट्रॅव्हिस हेडने 137 धावा ठोकून सामना काढून नेला. त्या रात्री ‘षटकारामागे सूट’वाल्या पोस्टकडे कुणी कुठल्या नजरेने बघितलं असेल, ते सांगायला नको.

मॅच चालू असताना दुकानाने काय करावं? माझ्या मते जवळजवळ काही नाही. एकदिवसीय सामन्यात दोन डावांच्या मधे मोठी सुट्टी असते. त्या वेळात एखादी स्टोरी चालेल : बंद शटर, आत टीव्हीचा उजेड, खाली ‘गिऱ्हाइकांनी माफ करावं, काका आत आहेत’. बस. टीव्हीच्या पडद्याचं चित्रण करून टाकायचं नाही. ते हक्क प्रक्षेपण करणाऱ्यांचे असतात आणि अशी क्लिप काढून टाकली जाऊ शकते. विश्वचषकाचं बोधचिन्हही आपल्या चित्रात चिकटवायचं नाही.

आता सांगलीतला मोठा मोह. ‘आपल्या गावची पोरगी’ म्हणून स्मृतीचा फोटो, कोपऱ्यात दुकानाचं चिन्ह, खाली फोन नंबर. काकांना यात गैर काहीच वाटणार नाही, त्यांच्या मनात खरोखर अभिमानच असेल. पण 2021 मध्ये पी. व्ही. सिंधूने टोकियोत कांस्यपदक जिंकल्यावर अनेक ब्रँडनी असेच तिचे फोटो आणि आपली चिन्हं एकत्र करून अभिनंदन केलं आणि तिचं काम बघणाऱ्या कंपनीने त्यांना कायदेशीर नोटिसा धाडल्या. मुद्दा साधा होता. तिचा आणि त्या मालाचा काही करार नसताना, बघणाऱ्याला तो आहे असं वाटतं. गावातल्या दुकानाला कुणी नोटीस पाठवेल की नाही हा भाग वेगळा, पण चेहरा तिचा आणि फोन नंबर आपला, हे चित्रच बरोबर नाही. फार वाटलं तर संघाच्या अधिकृत पानावरची पोस्ट जशीच्या तशी आपल्या स्टोरीत पुढे पाठवावी. त्यावर नाव त्यांचंच दिसतं.

मध्यरात्र उलटली. नादिन डी क्लर्कचा झेल हरमनप्रीतने घेतला, दक्षिण आफ्रिका 246 वर सर्वबाद, भारत 52 धावांनी विजयी. पुतण्याचा अंगठा आता शिवशिवतो आहे. ‘काका, टाकू का?’

‘झोप आता,’ हे उत्तर योग्य. त्या अर्ध्या तासात खेळाडूंचे, वाहिन्यांचे, नेत्यांचे, मोठमोठ्या ब्रँडचे अभिनंदनाचे एवढे लोट येतात, की दुकानाची पोस्ट त्यात दिसत नाही आणि दिसली तर इतरांसारखीच दिसते. लोकांना त्या वेळी अमोल मुझुमदार बघायचे असतात. आयुष्यभर धावा करूनही भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेला हा मुंबईकर प्रशिक्षक म्हणून विश्वचषकाच्या शेजारी उभा आहे, हे डोळे भरून पाहायचं असतं. तिथे मधेच क्रिकेट किटची चौकट कुणाला हवी आहे?

आदर म्हणजे समोरच्या संघाचाही. वोल्व्हार्टने अंतिम सामन्यात 101 धावा केल्या. हरलेल्यांची खिल्ली उडवणारा विनोद दुकानाने करू नये. तो मित्रांच्या गटात शोभतो, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याला तर विनोदच नको. खाली काय काय लिहिलं जाईल याच्यावर आपला ताबा राहत नाही आणि ते सगळं आपल्या पाटीखाली लिहिलं जातं.

आधी लावून ठेवलेल्या पोस्टचा खरा धोका पावसाहून मोठा आहे. 3 जून 2025 ला बंगळूरूच्या संघाने आयपीएल जिंकली. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर जल्लोषाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळसाठी कुणी ‘चला, जल्लोष करूया’ अशी वेळ लावलेली पोस्ट ठेवली असेल आणि मालक जेवायला बसला असेल, तर ती ठरल्या मिनिटाला बाहेर पडणारच. यंत्राला बातमी कळत नाही. म्हणून मॅचशी संबंधित कुठलीही पोस्ट मसुदा म्हणून ठेवावी, वेळ लावून नाही. टाकायच्या आधी दोन मिनिटं बातम्या बघाव्यात. वाईट काही घडलं असेल तर मसुदा पुसून टाकावा. शोकसंदेशाची घाईही दुकानाने करू नये. त्या दिवशी पान रिकामं राहिलं तर कुणी विचारायला येत नाही.

सोमवार सकाळ. पुतण्याने शटरवर खडूने लिहिलं, फोटो काढला आणि 9 वाजता टाकला :

‘काल रात्री उशिरापर्यंत जागलोय. दुकान आज 10 ऐवजी 11 वाजता उघडेल. पोरींनो, शाब्बास!’

या तीन वाक्यांत विकण्यासारखं काही नाही. उलट दुकान स्वतःचा तासभराचा धंदा सोडतं आहे. वाचणारा हसतो, कारण त्याचेही डोळे चुरचुरत असतात. आणि यातली माहिती खरी, उपयोगाची आहे. अट एकच : दुकान खरोखर 11 लाच उघडायला हवं. 10 वाजता शटर वर दिसलं तर सगळं मुसळ केरात. आणखी एक सोय म्हणजे हारलो असतो तरी पहिली दोन वाक्यं तशीच राहिली असती. फक्त तिसरं बदलून ‘चहा आमच्याकडे’ करायचं.

मग विकायचं कधी? गुरुवारी, खुशाल. विश्वचषकानंतर आपल्या मुलीला क्रिकेटला घालू का, असं विचारणारे आईबाप दुकानात येतीलच. त्यांच्यासाठी मुलीच्या उंचीप्रमाणे बॅटचा नंबर कसा निवडावा, काश्मीर विलो आणि इंग्लिश विलोत फरक काय, पहिल्या वर्षी कुठली पुरे, हे किंमतीसकट लिहावं. त्यात संघाचं नाव नको, विजयाचा उल्लेख नको. भाव सांगणं हे दुकानाचं कामच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, काट्यावरचे ते दोन चेंडू गल्ल्याशेजारी तसेच राहू द्या. येणारा जाणारा उचलून बघेल.