सतरा स्लाइड आणि पावसाळ्याचे प्रश्न

लोहगडवाडीतल्या काही घरांनी मिळून पर्यटकांच्या मुक्कामाची सोय चालवली आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांचं एक प्रेझेंटेशन माझ्याकडे आलं. हिंजवडीतल्या कंपन्यांच्या सहली मिळाव्यात म्हणून ते बनवलं होतं. सतरा स्लाइड होत्या. धुक्यातला लोहगड, समोर विसापूर, खाली पवनेचं पाणी, चुलीवरची भाकरी, आणि प्रत्येक फोटोवर चार-पाच शब्दांची एक ओळ. त्यातूनच ग्राहकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायची होती. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप सांभाळणारी वाडीतली मुलं, पुण्यात बसून बुकिंग घेणारी ताई आणि खुद्द ग्राहक, या सगळ्यांच्या हाती एकच उत्तर असावं एवढीच अपेक्षा होती. त्या कामाला आता वर्ष उलटलं आहे. त्यात काय घडलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण हेच काम आज मावळातल्या कितीतरी घरांपुढे आहे.

पहिलं काम स्लाइडवरचा मजकूर बाहेर काढण्याचं. हे वाटतं तितकं सरळ नसतं. पॉवरपॉइंटच्या आउटलाइन व्ह्यूमध्ये फक्त ठरलेल्या चौकटींतला मजकूर दिसतो, म्हणजे शीर्षक आणि त्याखालचे मुद्दे. कोणी वेगळी टेक्स्ट बॉक्स टाकून कोपऱ्यात बारीक अक्षरात अट लिहिली असेल, तर ती तिथे येत नाही. फोटोतच रंगवलेली अक्षरं तर मुळीच येत नाहीत. ‘पावसाळ्यात तंबू नाहीत’ ही ओळ अशाच एका बॉक्समध्ये होती, आणि ग्राहकाला सगळ्यात आधी कळायला हवी अशी ती ओळ होती. म्हणून आम्ही प्रत्येक स्लाइड डोळ्यांनी पाहत मजकूर हाताने उतरवला. स्लाइडखालच्या नोट्समध्ये बोलणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना होत्या. ‘बसबद्दल विचारलं तर दादांना फोन लावायला सांगणे’ अशी एक नोंद सापडली. ज्या प्रश्नाचं उत्तर स्लाइडवर द्यायचं टाळलं होतं, तो असा नोट्समध्ये उघडा पडला.

मग समोर आला खरा पेच. प्रेझेंटेशन ज्याच्यासाठी असतं त्याने अजून काही ठरवलेलं नसतं. प्रश्न विचारणाऱ्याने मात्र यायचं जवळजवळ ठरवलेलं असतं, आणि त्याला अडचण कुठे येईल ते हवं असतं. स्लाइडच्या शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह लावून ‘आमच्याकडे कोणत्या सुविधा आहेत?’ असे प्रश्न बनवता येतात, पण तसा प्रश्न फोनवर कोणीही विचारत नाही. ग्राहकसेवेच्या क्षेत्रात १९९२ पासून घडत आलेली केसीएस नावाची एक पद्धत आहे. प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत नोंदवायचा, हा तिचा आग्रह आहे. आम्ही तोच धरला. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मागच्या पावसाळ्यापासूनचे संदेश काढले, नावं आणि नंबर गाळले, आणि प्रत्येक संदेश कोणत्या स्लाइडपाशी जातो ते पाहिलं. ‘गाडी कुठपर्यंत येते’, ‘टॉयलेट खोलीत आहे का बाहेर’, ‘आईचे गुडघे दुखतात, ती वर येऊ शकेल का’, ‘पाऊस जास्त झाला तर पैसे परत मिळतात का’. काही स्लाइडपाशी एकही संदेश गेला नाही, आणि पुष्कळ संदेशांना स्लाइडच सापडली नाही.

सातव्या स्लाइडचं उदाहरण सविस्तर सांगतो. तिच्यावर लिहिलं होतं, ‘किल्ल्यावरून सूर्योदय, सोबत वाटाड्या आणि गरम नाश्ता’. तिच्यापाशी आलेले संदेश असे होते: तंबू गडावर लागतात का, किती वाजता निघायचं, अंधारात लहान मुलांना घेऊन चढायचं का. उत्तर लिहायला बसल्यावर लक्षात आलं की ते आधी तपासायलाच हवं. लोहगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. दरवाजा ठरलेल्या वेळी उघडतो, संध्याकाळी बंद होतो, आणि वर रात्रीचा मुक्काम करता येत नाही. त्यामुळे सूर्योदय गडावरून पाहता येणं शक्य नव्हतं. वाडीतली मंडळी फसवत होती असं अजिबात नाही. ती पाहुण्यांना पहाटे माळावर नेत, तिथून सूर्योदय दाखवत आणि मग गडावर नेत. फक्त स्लाइड करणाऱ्याच्या हातून दोन गोष्टींची एक ओळ झाली होती.

शेवटी उत्तर असं झालं: ‘सूर्योदय गडावरून पाहता येईल का? नाही. गडाचा दरवाजा सकाळी उशिरा उघडतो आणि रात्री वर राहायला परवानगी नाही. सूर्योदय आम्ही वाडीजवळच्या माळावरून दाखवतो. समोर डोंगर असल्यामुळे सूर्य कॅलेंडरमधल्या वेळेपेक्षा उशिरा दिसतो. नाश्ता करून, दरवाजा उघडल्यावर गड चढायचा. पावसाळ्यात धुकं असलं तर सूर्योदय दिसत नाही.’ पहिल्या शब्दातच उत्तर, मग कारण, मग त्याऐवजी काय, आणि शेवटी अट. हाच क्रम आम्ही पुढे सगळीकडे ठेवला. फोनवरचा माणूस पहिलं वाक्य ऐकून पुढचं ऐकायचं की नाही ते ठरवतो. अट आधी आणि उत्तर शेवटी आलं, तर तो अर्धवट ऐकून फोन ठेवतो आणि सूर्योदय गडावरूनच दिसेल असं धरून येतो.

‘सर्व वयोगटांसाठी’ या एका ओळीतून चार वेगळे प्रश्न निघाले. गडाला चांगल्या दगडी पायऱ्या आहेत. वाट गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा ओलांडत वर जाते, आणि सावकाश चढणाऱ्याला साधारण तासभर लागतो. गुडघ्यांच्या दुखण्याचं उत्तर मात्र वेगळं लिहावं लागलं, कारण अशा माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं आणि पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. विंचूकाट्याकडे उतरताना कातळ लागतो. तिथे पावसात नेत नाही, हे स्पष्ट लिहिलं. चारही उत्तरं एकात कोंबली असती, तर आईच्या गुडघ्यांबद्दल विचारणाऱ्याला मुलांचं, पावसाचं सगळं वाचत बसावं लागलं असतं.

‘पुण्या-मुंबईपासून जवळ’ या स्लाइडचंही तसंच. मुंबईहून येणाऱ्याला जवळ-लांब यापेक्षा उतरायचं कुठे हे हवं असतं. मळवलीला लोकलच थांबते. म्हणून मुंबईकराने लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरायची. दुपारी लोकल बऱ्याच वेळाने असतात, तेव्हा वेळापत्रक पाहून निघायचं. मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे, आणि तिथून गायमुख खिंडीने वाडी. चालत यायचं तर दीड-दोन तास. वेळापत्रक आम्ही उत्तरात मुद्दाम घातलं नाही. रेल्वेने ते बदललं की आमचं उत्तर चुकलं असतं, आणि चुकलंय हे आम्हाला कळलंही नसतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका अशा प्रश्नावर, ज्याचा प्रेझेंटेशनमध्ये मागमूसही नव्हता. पाऊस किंवा बंदी आली तर पैशाचं काय? ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. तेव्हा वाडीतलं प्रत्येक घर ग्राहकाला वेगळं उत्तर देत होतं. कोणी पूर्ण पैसे परत दिले, कोणी तारीख बदलून दिली. अशा ठिकाणी उत्तर लिहिता येत नाही, आधी ठरवावं लागतं. घरं एका पडवीत बसली. स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशींनी मुद्दा मांडला की बाजार आदल्या दिवशी भरलेला असतो, तो खर्च कोणी सोसायचा? त्यावरून नियम ठरला. नुसता पाऊस असेल तर तारीख बदलून मिळेल, पैसे परत नाहीत. प्रशासनाची बंदी आली आणि ती पाहुणे येण्याच्या आदल्या दुपारपर्यंत कळली तर पूर्ण पैसे परत. त्यानंतर कळली तर बाजाराचा खर्च वजा होईल. मला हा सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. उत्तराचं पान लिहायला घेतलं नसतं, तर हा निर्णय पुढच्या पावसातही प्रत्येक घराने एकेकट्याने, फोन कानाला लावून घेतला असता.

त्याची परीक्षा लवकर झाली. १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल कोसळला आणि मावळात यायचं ठरवलेल्या लोकांचे फोन सुरू झाले. उत्तर तयार होतं आणि सगळ्यांकडून तेच गेलं. निर्बंधाच्या आदेशातला मजकूर आणि तारखा मात्र आम्ही पानात उतरवल्या नाहीत. असे आदेश बदलतात, आणि जुना आदेश पानात राहिला तर लोक बंदी नसताना येणं रद्द करतात किंवा असताना निघतात. त्या उत्तरात ‘निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तुम्हाला कळवू’ एवढंच आहे, आणि कळवण्याचं काम कोणाचं ते आतल्या नोंदीत लिहिलेलं आहे.

त्याच पावसात, ११ जुलैला, लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचं नाव आलं आणि प्रश्नांची जात बदलली. तिकीट पॅकेजमध्ये धरलंय का, ड्रोन उडवता येईल का, शाळेच्या सहलीला इतिहास सांगणारा कोणी मिळेल का. ड्रोनचं उत्तर एका ओळीचं: पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय नाही. पैशाशी संबंधित आकडे आम्ही एकाच उत्तरात ठेवले आणि बाकी उत्तरांतून तिकडे बोट दाखवलं. प्रेझेंटेशनमध्ये दर तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी सारखा नव्हता.

उत्तर नीट झालंय की नाही हे ओळखायची आमची खूण साधी होती. उत्तर पाठवल्यावर तोच ग्राहक तेच पुन्हा विचारतो का, एवढं मुलं नोंदवत. बसबद्दलचं पहिलं उत्तर याच खुणेवर नापास झालं. ‘रस्ता अरुंद आहे’ वाचून प्रत्येक जण विचारायचा, मग आमची बस येईल का? आता तिथे लिहिलं आहे की मोठी बस भाज्याच्या वरच्या चढावर आणू नका, खाली उभी करा, वाडीतल्या जीप न्यायला येतील. शोधाचीही नोंद पाहिली. लोक lohgad, lohagad, lohagadh अशा सगळ्या तऱ्हांनी टाइप करतात, आणि सुरुवातीला यातल्या एकाच स्पेलिंगला उत्तर सापडत होतं. बाकीची स्पेलिंगं प्रत्येक उत्तराच्या शोधशब्दांत घातली.

यंदा दिवाळीनंतर प्रेझेंटेशन पुन्हा बनवलं गेलं, आणि ते आता उत्तरांच्या पानावरून बनलं. सातव्या स्लाइडवर ‘माळावरून सूर्योदय, मग गड’ असं आहे. तंबूंची अट कोपऱ्यातून मधोमध आली आहे. पैसे परत देण्याच्या नियमाला स्वतःची स्लाइड मिळाली आहे. हिंजवडीतली मंडळी सर्वांत जास्त वेळ त्याच स्लाइडवर बोलली, असं बुकिंगवाल्या ताईंनी सांगितलं. जीपचा दर अजून ठरायचा आहे. त्या उत्तराला ‘मसुदा’ अशी खूण लावून ठेवली आहे, आणि तोवर मुलं तो प्रश्न दादांकडे पाठवतात.