ऑफर लेटरला उत्तर देताना

समजा, पुण्यातली एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे. तिचं सध्याचं पॅकेज साडेबारा लाखांचं आहे. नव्या कंपनीने १५ लाखांची ऑफर दिली असून महिन्याभरात रुजू व्हायला सांगितलं आहे. वीस टक्के वाढ दिसते, त्यामुळे लगेच होकार कळवावासा वाटणं साहजिक आहे. पण त्याआधी ऑफरसोबत आलेला पगाराचा तक्ता नीट वाचायला हवा.

१५ लाख हा सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षभरात तिच्यावर येणारा एकूण खर्च. त्यात १५ टक्के, म्हणजे २ लाख २५ हजार, व्हेरिएबल आहेत. ते कामगिरीवर आणि कंपनीच्या नफ्यावर ठरतील. बेसिक साडेसात लाख. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ९० हजार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, आणि सुमारे ३६ हजार ग्रॅच्युइटीची तरतूद. हे सगळं वजा केलं की उरतात ११ लाख ४९ हजार. सध्याच्या नोकरीत व्हेरिएबल नाही. तिथे ७५ हजार पीएफ आणि ३० हजार ग्रॅच्युइटी वजा जाता ११ लाख ४५ हजार उरतात. म्हणजे वीस टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात वर्षाला चार हजारांवर येते. पीएफमध्ये साठणारी रक्कम तिचीच असते, पण दर महिन्याला खात्यात येणारा पगार जवळजवळ तेवढाच राहतो.

म्हणून काउंटर ऑफर देताना नुसतं ‘थोडं वाढवून मिळेल का’ असं विचारून भागत नाही. ज्या एचआरशी तिचं बोलणं चालू आहे, त्यांच्या हाती बहुधा अंतिम निर्णय नसतो. ते हा मेल विभागप्रमुखांकडे किंवा फायनान्सकडे पाठवतात. तिला कधी न भेटलेल्या माणसालाही वाचून पटेल, असा तो लिहिला पाहिजे. नेमका आकडा, त्याचं कामाशी जोडलेलं कारण आणि तारखेचा हिशेब, एवढं त्यात असावं. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. ऑफरबद्दल मनापासून आभार. पेमेंट टीमसोबत काम करायला मला आवडेल. दोन मुद्द्यांवर फेरविचार व्हावा, अशी विनंती आहे.

पहिला, पगार. सध्याचं माझं पॅकेज पूर्णपणे फिक्स्ड आहे. ऑफरमधलं व्हेरिएबल, पीएफ आणि ग्रॅच्युइटी वगळता वार्षिक वाढ सुमारे चार हजार रुपये होते. एकूण सीटीसी साडेसोळा लाख आणि त्यात व्हेरिएबल दीड लाख, अशी रचना शक्य आहे का? या पदासाठी ऑटोमेशन टेस्टिंग उभारायचं आहे, असं मुलाखतीत सांगितलं होतं. सध्याच्या टीममध्ये ते काम मी सुरुवातीपासून केलं आहे.

दुसरा, रुजू होण्याची तारीख. माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. सुधारित ऑफर लेटर मिळाल्याच्या दिवशी मी राजीनामा देईन. ६० दिवसांत मोकळं करण्याची विनंती करेन. सध्याच्या कंपनीने ती मान्य केली, तर उरलेल्या ३० दिवसांची बायआउट रक्कम आपण द्याल का? ती मान्य झाली नाही, तर पूर्ण ९० दिवसांनंतर रुजू होईन.

या दोन गोष्टी जुळल्या, तर त्याच दिवशी स्वीकृती कळवेन.’

घरभाडं, गृहकर्ज, मुलांची फी ही कारणं कितीही खरी असली, तरी ती इथे आलेली नाहीत. विभागप्रमुखांना या पदासाठी जास्त पैसे का मोजायचे हे वरच्यांना पटवायचं असतं, आणि घरखर्चाने ते पटत नाही. दुसऱ्या कंपनीची ऑफर असेल तर जरूर लिहावी. नसताना लिहू नये, कारण ते पत्र दाखवायला सांगितलं जाऊ शकतं.

तारखेबाबतही न झेपणारा शब्द देऊ नये. बायआउटचा नियम नेमणूक पत्रात असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याला कंपनीची संमती लागते. ती गृहीत धरून ‘महिन्यात येते’ असं लिहिलं, तर पुढे रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि नव्या ठिकाणी कागदपत्रांची पडताळणी रखडते.

उत्तर बहुधा अधलंमधलं येतं. पदाची पगारमर्यादा ठरलेली असेल, तर फिक्स्ड न वाढवता जॉइनिंग बोनस देऊ करतात. तो एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करण्याची अट अनेकदा असते. पुढची पगारवाढही त्यावर मोजली जात नाही. म्हणून दीड लाख बोनसपेक्षा फिक्स्डमधले एक लाख दोन वर्षांतच सरस ठरतात. हा हिशेब करून एकदाच उत्तर द्यावं. मागणी मान्य झाल्यावर नवी मागणी पुढे केली, तर तिच्यासाठी वरच्यांशी बोललेल्या माणसाचीच अडचण होते.

आणि फोनवर ‘झालं, मान्य आहे’ ऐकून राजीनामा देऊ नये. सुधारलेला आकडा, व्हेरिएबलचं प्रमाण, बायआउटचा उल्लेख आणि तारीख असलेलं नवं ऑफर लेटर हाती आल्यावरच तो द्यावा.