उगवलेल्या बिया, सापडलेल्या बिया, तोललेल्या बिया

सोयाबीनच्या उगवण चाचणीत पहिली मोजणी पाचव्या दिवशी होते आणि शेवटची आठव्या दिवशी. त्या दिवशी बीज परीक्षण प्रयोगशाळेतल्या टेबलावर ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडल्या जातात आणि आत आडव्या रांगांत लावलेल्या बिया दिसू लागतात. काहींची मुळं लांब सुटलेली, दोन्ही डाळिंब्या धड. काहींचं मूळ आखूड आणि टोकाला काळं पडलेलं. काही नुसत्याच फुगून बुळबुळीत झालेल्या. तपासणाऱ्या बाई चिमट्यानं एकेक रोप उचलतात, उलटसुलट करून पाहतात आणि बाजूला ठेवतात. धड रोपं एका ढिगात, विकृत दुसऱ्या, कुजलेल्या बिया तिसऱ्या. कार्डावर उगवण म्हणून आकडा जातो तो फक्त पहिल्या ढिगाचा. विकृत रोप जमिनीतून वर येईलही, पण त्याचं झाड होणार नाही, म्हणून ते ‘नाही’मध्येच धरायचं.

अशा ठिकाणी मी जायला लागलो ते संख्याशास्त्राच्या कुतूहलापोटी. पुस्तकात द्विपद, पॉयसाँ आणि प्रसामान्य ही वितरणं तीन वेगळ्या प्रकरणांत राहतात, आणि परीक्षेत प्रश्न कोणत्या प्रकरणाखाली छापलाय त्यावरून उत्तर ठरतं. इथं मात्र एकाच खोलीत तिन्ही कामं चालतात आणि कोणतं वितरण लावायचं हे बी बघून ठरत नाही. बियांना आपण काय विचारतो आहोत, त्यावरून ठरतं.

उगवणीचा प्रश्न सगळ्यात सरळ. बिया ४००, शंभराच्या चार तुकड्यांत. प्रत्येक बीचं उत्तर हो किंवा नाही. एकूण किती बिया लावल्या हे आधीच ठरलेलं. लॉट नीट ढवळलेला असेल तर प्रत्येक बी उगवण्याची शक्यता सारखी, आणि एका बीचं भवितव्य शेजारणीवर अवलंबून नाही. या अटी जमल्या की ते द्विपद वितरण. त्यातून मिळणारी कामाची गोष्ट म्हणजे निव्वळ योगायोगानं आकडा किती हलेल, याचा अंदाज. खरी उगवण ७० टक्के असलेल्या लॉटमधून १०० बिया लावल्या, तर प्रमाण विचलन ०.७ गुणिले ०.३ गुणिले १०० याचं वर्गमूळ, म्हणजे साधारण साडेचार बिया. म्हणजे वीसपैकी एकोणीस वेळा आकडा ६१ ते ७९च्या दरम्यान येईल. गोणपाटावर शंभर दाणे ठेवून घरी चाचणी घेणाऱ्या शेतकऱ्यानं ही रुंदी लक्षात ठेवलेली बरी. शेजाऱ्याला ७६ आले आणि आपल्याला ६६ आले, एवढ्यानं दोघांचं बियाणं वेगळं ठरत नाही. ४०० बियांवर हाच आकडा टक्क्यांत मोजला तर विचलन २.३ टक्क्यांवर येतं. बिया चौपट केल्या, अनिश्चितता फक्त निम्मी झाली.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवणीचं किमान प्रमाण ७० टक्के आहे. ४०० पैकी २८० रोपं हवीतच असं काटेकोर धरलं, तर नेमक्या ७० टक्क्यांचा लॉट जवळपास निम्म्या वेळा नापास होईल. त्यात लबाडी कुणाचीच नाही. खऱ्या ७५ टक्क्यांचा लॉट मात्र शंभरात एखाद्याच वेळी अडकेल. म्हणून अनुभवी बीजोत्पादक सत्तरच्या काठावरचा माल पाठवत नाहीत.

पण मला जास्त शिकवलं ते चार तुकड्या ठेवण्याच्या पद्धतीनं. ४०० बिया सलग का नाही लावत? कारण चार आकडे एकमेकांशेजारी ठेवले की आपल्या अटी पाळल्या गेल्या की नाही ते दिसतं. एका कार्डावर ८४, ८१, ७९ आणि ५२ असे आकडे आले होते. सरासरी ७४, म्हणजे उत्तीर्ण. पण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर ३२ आहे. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संस्थेच्या तक्त्यात ७४ टक्के सरासरीला चार तुकड्यांमधलं अंतर १७ पर्यंत चालतं. तो १७ कुणी मनानं ठरवलेला नाही, द्विपद वितरणातूनच काढलेला आहे: शुद्ध योगायोगानं याहून मोठं अंतर फार तर चाळिसातून एकदा पडावं. ३२ म्हणजे योगायोगाच्या बाहेरचं काहीतरी. बाईंनी चौथी गुंडाळी दाखवली तेव्हा कारण समोरच होतं. कागद जास्त भिजलेला होता आणि एका कोपऱ्यातून बुरशी रांगेरांगेनं पसरत गेली होती. एक बी कुजली म्हणून शेजारची कुजली, म्हणजे बिया एकमेकींपासून स्वतंत्र राहिल्या नाहीत. इथं द्विपद वितरण कागदावर लावता येईल, पण खरं ठरणार नाही. चाचणी पुन्हा घ्यायची, सरासरी कितीही गोंडस दिसली तरी.

आता याच्या उलट. ७४, ७५, ७३, ७४. नवख्याला हे कार्ड सर्वांत विश्वासार्ह वाटतं. मला ते खटकतं. प्रत्येक तुकडीचं विचलन साडेचारच्या आसपास असताना चारही आकडे दोनाच्या अंतरात बसणं शंभरात दोन-तीनदाच घडतं. एखादं कार्ड असं असू शकतं, पण ओळीनं अशी पाच कार्डं आली तर मोजणी खुर्चीत बसून झाली असं समजावं. रोनाल्ड फिशरनं १९३६ साली मेंडेलच्या वाटाण्यांच्या आकड्यांवर हाच आक्षेप घेतला होता: निष्कर्ष अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात.

दुसऱ्या टेबलावर लसूणघासाचं बी होतं. ही दुभत्या जनावरांची आवडती वैरण, आणि तिचा जुना शत्रू म्हणजे अमरवेल. अमरवेलीचं बारीक बी लसूणघासाच्या बियांत मिसळून येतं आणि पुढं सगळा पट्टा पिवळ्या दोऱ्यांनी गुंडाळून टाकतं. इथं ५० ग्रॅमचा नमुना पांढऱ्या पृष्ठभागावर पसरून भिंगाखाली चाळत जायचं आणि अमरवेलीची बी दिसली की उचलायची. कधी एक सापडते, कधी दोन, बहुधा एकही नाही.

इथंही मोजणीच आहे, मग द्विपद का नाही? मी स्वतःला विचारायचा प्रश्न असा ठेवला आहे: जे घडलं नाही तेही मोजता येतं का? उगवणीत न उगवलेल्या बियाही मोजता येतात. अमरवेलीच्या किती बिया ‘सापडल्या नाहीत’, या प्रश्नाला अर्थ नाही. घटना क्वचितची, मोजणीला वरची मर्यादा व्यवहारात नाही, आणि सरासरी ठरते ती किती माल तपासला त्यावरून. हे पॉयसाँचं क्षेत्र. हट्टानं द्विपद लावलंच, तर ५० ग्रॅममधले सुमारे २५,००० दाणे एकूण संख्या म्हणून धरायचे आणि अगदी चिमुकली शक्यता घ्यायची. आकडेमोड तिथंच येऊन पोचते, फक्त फेरा घालून.

पॉयसाँचा फटका शून्याला बसतो. किलोमागे अमरवेलीच्या १० बिया ही मर्यादा धरू, आणि लॉट नेमका त्या मर्यादेवर आहे असं समजू. मग ५० ग्रॅममध्ये सरासरी अर्धी बी अपेक्षित. एकही न सापडण्याची शक्यता किती? सुमारे ०.६१. म्हणजे इतकी अमरवेल असलेल्या लॉटचेही दहातले सहा नमुने स्वच्छ दिसतील. त्यामुळे ‘आढळली नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नाही. हे शून्य पंचाण्णव टक्के भरवशाचं हवं असेल तर सरासरी तीन बिया अपेक्षित असतील एवढा माल तपासायला हवा, म्हणजे या मर्यादेसाठी ३०० ग्रॅम, भिंगाखाली सहापट वेळ. इथं कुणी नॉर्मलची ओळखीची रीत लावली, सरासरी अधिक-उणे दोन विचलनं, तर उत्तर उणे ०.९ ते १.९ बिया असं येतं. उणे बिया दिसल्या की चुकीचं वितरण धरलं आहे हे ओळखावं.

पॉयसाँची आणखी एक खूण हाताशी ठेवण्यासारखी आहे: त्यात सरासरी आणि प्रचरण सारखं असतं. एकाच लॉटच्या दहा पोत्यांतून वेगवेगळे नमुने घेतले आणि अमरवेलीच्या बिया ०, १, ०, ०, ६, ०, १, ०, ०, २ अशा आल्या. सरासरी १, पण प्रचरण ३.६. तो ६ सगळं सांगतो. बिया मालात विखुरलेल्या नाहीत, गठ्ठ्यानं आहेत. बहुधा दोन शेतांचा माल एकत्र करून नीट ढवळलाच नाही. अशा लॉटचा एकच सरासरी आकडा देण्यात हशील नाही. आधी ढवळा, मग नमुना काढा.

तिसरं काम तराजूचं, आणि ते लवकर उरकतं. हजार दाण्यांचं वजन काढायला शंभर-शंभर दाण्यांच्या आठ तुकड्या तोलतात. सोयाबीनचे आकडे समजा १२.२, ११.९, १२.५, १२.०, १२.३, ११.८, १२.४ आणि १२.१ ग्रॅम आले. सरासरी १२.१५, म्हणजे हजार दाण्यांना १२१.५ ग्रॅम. विचलन ०.२४५, सरासरीच्या दोन टक्के. ही टक्केवारी चारच्या वर गेली तर आणखी तुकड्या तोलाव्या लागतात. इथं हो-नाही नाही, सापडणं-न सापडणं नाही. वजन दशांशात कुठंही थांबू शकतं, म्हणून प्रसामान्य वितरण. एकेका दाण्याचं वजन नॉर्मल असेलच असं नाही, सुरकुतलेले दाणे डावीकडं शेपूट काढतात. पण शंभर दाण्यांची बेरीज केली की ती शेपूट दबते. याच कारणानं शंभर बियांतली उगवणही घंटेच्या आकारात बसवता येते, आणि वरचे ६१ ते ७९ मी तसेच काढले आहेत. मात्र उगवण ९८-९९ टक्के असेल तर ही सोय वापरू नये. तिथं न उगवलेल्या एक-दोन बिया मोजाव्यात आणि त्यांना पॉयसाँ लावावं.

बाहेर पडताना एक विक्रेते हातात दोन अहवाल घेऊन उभे होते. एकाच लॉटचे, दोन प्रयोगशाळांचे. एकात ६८, दुसऱ्यात ७२.

“मॅडम, आता खरं कुणाचं धरायचं?”

“दोन्ही बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या. ४०० बियांच्या दोन चाचण्यांत या पातळीवर सहा टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानं पडू शकतो. दोन्ही मिळून ८०० बिया, सरासरी ७०, आणि अनिश्चितता तीन टक्क्यांच्या थोडी वर. पेरणीसाठी बियाण्याचं प्रमाण काढायचं तर ७० धरा, पण पिशवीवर ७२ छापू नका, असं त्यांनी सांगितलं. ते समाधानी दिसले नाहीत. त्यांना एकच आकडा हवा होता.