सीआरओ बिघडलाय, हे मॅडमना कसं कळवावं?

ध्वनीचा वेग काढण्याचं प्रॅक्टिकल बी.एस्सी.च्या मुलांच्या ओळखीचं आहे. फंक्शन जनरेटरवरून स्पीकरला २ किलोहर्ट्‌झचा सूर द्यायचा, समोर मायक्रोफोन ठेवायचा आणि दोन्हीकडचे सिग्नल ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सीआरओवर, एकाखाली एक बघायचे. मायक्रोफोन हळूहळू मागे नेला की लाटांचे माथे पुन्हा जुळतात. तेवढं अंतर म्हणजे एक तरंगलांबी. समजा, पाचदा माथे जुळेपर्यंत मायक्रोफोन ८७ सेंटिमीटर सरकला, तर तरंगलांबी १७.४ सेंटिमीटर आली. तिला वारंवारतेने गुणलं की वेग मिळतो. २७ अंश तापमानाला तो सेकंदाला ३४८ मीटरच्या आसपास यायला हवा. पण एखाद्या विद्यार्थिनीचं उत्तर ३९५ येतं, रिपोर्ट उद्या द्यायचा असतो, आणि मग मॅडमना मेल जातो: ‘सीआरओ खराब होता, कृपया मुदत वाढवून मिळावी.’

असा मेल वाचून शिक्षकांना काहीच ठरवता येत नाही. खराब म्हणजे नेमकं काय? सगळी रीडिंग गेली, की थोडी? आणि पहिली शंका तर हीच, की खरंच यंत्र बिघडलं होतं, की नॉब हलला होता?

ही शंका रास्त आहे. जुन्या सीआरओवर टाइम/डिव्हिजनच्या नॉबजवळ एक छोटा ‘व्हेरिएबल’ नॉब असतो. तो ‘कॅल’ या खुणेवर नसेल तर पडद्यावरचा ठिपका संथ सरकतो. एका चौकोनाला ०.१ मिलिसेकंद असं नॉबवर दिसतं, पण प्रत्यक्षात वेळ जास्त लागलेला असतो. त्यामुळे लाट कमी चौकोनांत मावते आणि वारंवारता फुगून येते. म्हणून आधी हा नॉब बघायचा. मग सीआरओच्याच तोंडावर असलेल्या कॅलिब्रेशन पिनला प्रोब लावायचा. तिथे बहुतेक वेळा १ किलोहर्ट्‌झची चौकोनी लाट मिळते. ०.२ मिलिसेकंदाच्या रेंजवर तिच्या एका आवर्तनाने पाच चौकोन व्यापायला हवेत. ४.४ च व्यापले, आणि जनरेटरच्या आकड्यांत २ किलोहर्ट्‌झ दिसणारी लाटही ०.१ च्या रेंजवर पाचाऐवजी ४.४ चौकोन घेत असेल, तर दोन वेगळ्या उगमांच्या लाटा एकाच प्रमाणात आखडल्या आहेत. म्हणजे जनरेटर, केबल निर्दोष. दोष सीआरओच्या टाइमबेसचा.

इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. टाइमबेस चुकला तरी माथे कुठे जुळतात हे चुकत नाही, कारण दोन्ही लाटा सारख्याच आखडतात. तरंगलांबी तर मीटरपट्टीने मोजलेली आहे. बिघडलं ते फक्त आवर्तकाळाचं रीडिंग: ०.५ ऐवजी ०.४४ मिलिसेकंद. त्यामुळेच २ किलोहर्ट्‌झचे २.२७ झाले आणि वेग ३९५ वर गेला. संपूर्ण प्रयोग पुन्हा करायची गरजच नाही. चांगल्या सीआरओवर दहा मिनिटं पुरतात. हे कळलं की किती दिवस मागायचे तेही कळतं.

मग मेल असा होतो:

‘आदरणीय मॅडम,
आज ध्वनिवेगाच्या प्रयोगात टेबल ४ वरच्या सीआरओचा टाइमबेस चुकीचा दाखवत होता. व्हेरिएबल नॉब कॅलवर असतानाही १ किलोहर्ट्‌झची कॅलिब्रेशन लाट ०.२ मिलिसेकंदाच्या रेंजवर ५ ऐवजी ४.४ चौकोन घेत होती. फोटो जोडला आहे. लॅब असिस्टंट सरांनाही दाखवलं. तरंगलांबीची रीडिंग ठीक आहेत, फक्त आवर्तकाळ पुन्हा मोजायचा आहे. सोमवारी दुसऱ्या बॅचच्या वेळेत दहा मिनिटं दुसरा सीआरओ मिळाला, तर बुधवारी रिपोर्ट देईन. चालेल का?’

फोटोत पडद्यासोबत दोन्ही नॉबही दिसायला हवेत. नुसत्या लाटेच्या फोटोवरून रेंज कळत नाही आणि पुरावा निम्मा राहतो. मेल त्याच दिवशी गेलेला बरा, कारण तोवर यंत्र तसंच असतं आणि कुणालाही तपासून बघता येतं.

मुदत मिळाली नाही तरी रिपोर्ट अडत नाही. मोजलेल्या ०.४४ ला ०.८८ ने भागायचं, आणि हा ०.८८ कॅलिब्रेशनच्या लाटेवरून आला हे स्पष्ट लिहायचं. ३४८ यावेत म्हणून उलटा काढलेला गुणक ही दुरुस्ती नव्हे. शिवाय पडद्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला लाट सारखीच आखडते का, तेही बघावं लागतं. एका बाजूला जास्त आखडत असेल तर एका गुणकाने काम भागत नाही. तेव्हा जनरेटरवरच्या आकड्यांतली वारंवारता घ्यावी आणि तसं रिपोर्टमध्ये नोंदवावं.