सकाळी सहाचे आकडे का येत नाहीत?

‘पॉवर बीआय’ या मायक्रोसॉफ्टच्या साधनात विक्रीचा डॅशबोर्ड उघडला की तो इंटरनेटवरून येतो. त्यामुळे आकडेही इंटरनेटवरच असतील असे वाटते. पण अनेक कंपन्यांचा मूळ डेटा ऑफिसातल्याच एसक्यूएल सर्व्हरमध्ये किंवा एक्सेल फायलींमध्ये असतो. तो क्लाउडपर्यंत पोचवण्यासाठी ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर ‘गेटवे’ नावाचा प्रोग्राम बसवतात.

हा गेटवे स्वतः बाहेर, म्हणजे क्लाउडशी, संपर्क साधतो आणि तो जोडलेलाच ठेवतो. बाहेरून आत येण्याची वाट मुद्दामच ठेवलेली नसते, कारण त्यामुळे ऑफिसचे नेटवर्क सुरक्षित राहते. ठरलेल्या वेळी क्लाउड याच जोडणीवरून निरोप देतो, गेटवे डेटाबेसला प्रश्न विचारतो आणि उत्तर वर पाठवतो. कॉम्प्युटर बंद असला की निरोप घ्यायलाच कोणी नसते आणि क्लाउडला तो बाहेरून सुरूही करता येत नाही. कॉम्प्युटर ‘स्लीप’मध्ये गेला तरी हेच होते.

समजा, रिफ्रेशची वेळ रोज सकाळी सहाची आहे. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी मेन स्विच बंद केला आणि सोमवारीही सुट्टी आली. शनिवार, रविवार, सोमवार आणि मंगळवार असे चार रिफ्रेश फसतात. मंगळवारी साडेनऊला कॉम्प्युटर सुरू होतो, तरी बुधवारी सहा वाजता काहीच होत नाही. लागोपाठ चार वेळा अपयश आले की पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करते. ते सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा सुरू करावे लागते.

खरा धोका वेगळाच आहे. रिफ्रेश फसला तरी डॅशबोर्ड रिकामा होत नाही, त्यावर शुक्रवारचेच आकडे दिसत राहतात. अपयशाचा ईमेल सहसा तो डेटासेट ज्याच्या नावावर आहे त्यालाच जातो, इतरांना काही कळत नाही. म्हणून आकड्यांवरून माल मागवण्याआधी शेवटच्या रिफ्रेशची वेळ पाहावी. ‘Refresh history’मध्ये गेटवे ऑफलाइन असल्याची नोंद दिसली, तर आधी तो कॉम्प्युटर सुरू आहे का ते पाहावे.

गेटवेचे दोन प्रकार आहेत. ‘स्टँडर्ड’ गेटवे विंडोजची सर्व्हिस म्हणून चालतो, त्यामुळे कोणी लॉगिन केलेले नसले तरी चालते. कॉम्प्युटर मात्र सुरू हवा. ‘पर्सनल’ गेटवे लॉगआउट केल्यावर थांबतो. म्हणून ऑफिसच्या कामासाठी स्टँडर्ड गेटवे घ्यावा, तो कोणाच्या लॅपटॉपवर न बसवता सतत सुरू राहणाऱ्या कॉम्प्युटरवर बसवावा, त्याचे स्लीप बंद करावे आणि स्विचवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावावी. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही गेटवे बसवून दोन्ही एका क्लस्टरमध्ये जोडले, तर एक बंद पडल्यावर दुसरा काम सांभाळतो. हे जमत नसेल तर रिफ्रेशची वेळ सकाळी दहाची ठेवावी, म्हणजे ऑफिस उघडल्यानंतरची.