टाय ओढणारा माणूस

काळा सूट, पांढरा शर्ट, लाल टाय. डोळे बाहेर आलेले, कपाळावर घाम. माणूस माइकसमोर उभा राहतो, पण दोन्ही पाय जमिनीवर स्थिर ठेवणं त्याला जमत नाही. एका वाक्यात तक्रार सांगतो, गळ्याला फास बसल्यासारखा टाय ओढतो, आणि प्रेक्षक हसून संपायच्या आत पुढची तक्रार. बायको, डॉक्टर, मुलं, कुत्रा, बालपणीचे आईबाप, कोणीच त्याला किंमत देत नाही. हा रॉडनी डेंजरफील्ड. अमेरिकेत तीसेक वर्षं लोक त्याला या एकाच अवतारात पाहत आले.

हा अवतार त्याला वयाच्या चाळिशीनंतर सापडला. त्याचं खरं नाव जेकब कोहेन, जन्म 1921चा. पंधराव्या वर्षापासून तो विनोद लिहीत होता, एकोणिसाव्या वर्षी जॅक रॉय या नावानं रंगमंचावर उभा राहिला. दहाएक वर्षं धडपडला. काही जमलं नाही, तेव्हा संसारासाठी घरांच्या भिंतींवर बसवायचे अॅल्युमिनियमचे पत्रे विकायला लागला. विनोद तेव्हाही त्याला सुचत होते. नव्हतं ते एवढंच, की हे विनोद सांगणारा माणूस कोण, याचं उत्तर.

स्टँड-अपमध्ये या उत्तराला ‘पर्सोना’ म्हणतात. मराठी वाचकाला इथे एक फरक लक्षात घ्यावा लागेल. पु. ल. देशपांडे अंतू बर्वा सांगतात तेव्हा अंतू बर्वा वेगळा आणि सांगणारे पु. ल. वेगळे असतात. आपण त्या म्हाताऱ्याकडे पु.लं.च्या खांद्यावरून पाहतो. पर्सोनामध्ये असा मधला खांदा नसतो. कलाकार ‘मी’ म्हणून येतो आणि ‘माझी बायको’, ‘माझा डॉक्टर’ म्हणून बोलतो. तो ‘मी’ प्रेक्षकाला खरा वाटला पाहिजे. तरी तो पूर्ण खरा नसतो. खऱ्या स्वभावातला एखादाच धागा उचलून, बाकीचे सगळे दडवून, तो विणलेला असतो.

1960च्या दशकाच्या सुरुवातीला जेकब कोहेन पुन्हा क्लबांमध्ये उभा राहू लागला. पूर्वीच्या अपयशाचा डाग नको म्हणून नवं नाव हवं होतं, ते एका क्लबच्या मालकानं सुचवलं: रॉडनी डेंजरफील्ड. नावातच गंमत होती. आडनाव धोक्याचं आणि समोर उभा घामेजलेला, बिचकलेला मध्यमवयीन गृहस्थ.

या टप्प्यावर त्याचा सूर होता, ‘माझं काहीच धड होत नाही.’ कमनशिबी माणूस. विनोद चालत होते, पण सगळे एका माळेत बसत नव्हते. मग एकदा लहानपणच्या लपाछपीवरचा विनोद आला. मी लपलो, पण मला शोधायलाच कोणी आलं नाही, अशा आशयाचा. त्याच्या आधी जोडायला एक वाक्य हवं होतं. त्यानं म्हटलं, मला कुणी मानच देत नाही. क्लबमध्ये हशा झालाच, पण कार्यक्रमानंतर लोक येऊन तेच वाक्य त्याला ऐकवू लागले.

‘काही धड होत नाही’ आणि ‘कोणी मान देत नाही’ ही दोन वाक्यं कानाला सारखीच रडकी वाटतात. कारागिरीच्या दृष्टीनं त्यांच्यात मोठं अंतर आहे. पहिलं वाक्य परिस्थितीबद्दल आहे. गाडी बंद पडली, पाऊस आला, पाकीट हरवलं. त्यात समोर दुसरा माणूस लागत नाही, आणि परिस्थिती बदलली की वाक्य खोटं पडतं. दुसरं वाक्य नात्याबद्दल आहे. मान न देणारा कुणीतरी समोर लागतोच, म्हणून प्रत्येक विनोदात आपोआप प्रसंग तयार होतो. मी आणि डॉक्टर, मी आणि वेटर, मी आणि माझाच मुलगा. शिवाय मान मिळणं हे पैशावर अवलंबून नाही. 1967मध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमानं डेंजरफील्ड देशभर पोचला, 1969मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यानं स्वतःच्या नावाचा क्लब काढला. कमनशिबी माणसाचा पर्सोना तिथेच मेला असता. क्लबच्या मालकाचं काही धड होत नाही, हे कोण मानणार? पण क्लबच्या मालकालाही घरचं कुत्रं विचारत नाही, हे सहज पटतं. म्हणून तो श्रीमंत झाला तरी टाय ओढत राहिला आणि लोक हसत राहिले.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. कच्चा माल एकच घेऊ: सोसायटीची लिफ्ट आणि तिच्यातली ‘सहा माणसे’ ही पाटी. अशा निरीक्षणाला स्वतःचा स्वभाव नसतो, ते कुणाच्याही तोंडी जाईल. मान न मिळणाऱ्या माणसाकडे ते दिलं, की असं होईल:

‘लिफ्टमध्ये सहा जण होते. मी सातवा शिरलो. वाटलं, आता घंटा वाजणार. लिफ्ट मुकाट्यानं वर गेली. मशीननंसुद्धा मला धरलं नाही.’

तीच लिफ्ट खवट आजोबांना दिली तर ते पाटीवरच घसरतील:

‘सहा माणसं म्हणे! कुठली सहा? आमच्या वेळची की आत्ताची? आत्ताच्या एकेकाच्या पाठीवर सातव्या माणसाएवढी बॅग असते. मी जिन्यानं गेलो. तर तेही बिघडवून ठेवलंय. पूर्वी आपल्या जिन्याला इतक्या पायऱ्या नव्हत्या.’

दोन्हीकडे लिफ्ट तीच आहे, पण मार कुणाला बसतो ते पाहा. पहिल्यात सगळा मार स्वतःवर. त्या माणसानं लिफ्टमधल्या इतरांना टोमणा मारला असता, तर टोमणा चांगला असूनही तो माणूस तुटला असता, कारण टोमणा मारायला जी हिंमत लागते ती त्याच्यात नाही असंच आपण धरून बसलेलो असतो. आजोबा मात्र जगावर वार करतात. त्यांचा धोका वेगळा. नुसतेच वार करत राहिले तर दहा मिनिटांत नकोसे होतात. म्हणून शेवटचं पायऱ्यांचं वाक्य लागतं. तिथे आजोबांची चूक उघडी पडते: पायऱ्या वाढल्या नाहीत, गुडघे थकले आहेत. ते त्यांना कळलेलं नाही, आपल्याला कळलंय. बॅगेबद्दल त्यांचं थोडं बरोबर आहे आणि पायऱ्यांबद्दल पार चूक, म्हणून ते आपल्याला आपल्या घरातले वाटतात. नेहमीच बरोबर असणारा खवट माणूस फक्त भाषण करतो.

इथून एक साधी परीक्षा हाताशी येते. आपल्या सेटमधला विनोद उचलून, शब्दही न बदलता, दुसऱ्या कलाकाराला देता येतो का? येत असेल तर तो चांगला विनोद असेल, पण तुमचा नाही. डेंजरफील्ड स्वतः लिहायचा आणि इतरांकडून विनोद विकतही घ्यायचा, तरी ऐकताना सगळे एकाच तोंडचे वाटतात. त्या गाळणीतून जे जात नाही ते बाहेर राहतं.

हा खटाटोप कशासाठी, ते कळायला जॅक बेनीकडे जावं लागतं. 1932 ते 1955 अशी तेवीस वर्षं तो अमेरिकन रेडिओवर होता. त्याचा ‘मी’ म्हणजे महाचिक्कू, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी थांबून राहिलेला आणि व्हायोलिन भयंकर वाजवणारा गृहस्थ. 28 मार्च 1948च्या कार्यक्रमात रस्त्यात चोर त्याला अडवतो आणि विचारतो, पैसे की प्राण? त्यानंतर काहीच नाही. रेडिओवर चेहरा दिसत नाही, फक्त शांतता. आणि त्या शांततेत प्रेक्षागृहात हशा सुरू होतो. चोर चिडून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी सांगतो की तो विचार करतोय.

कोऱ्या माणसाच्या तोंडी ही जागा रिकामीच राहिली असती. इथे सोळा वर्षांची ओळख होती, त्यामुळे बेनीच्या डोक्यात काय चाललंय ते श्रोत्यांनी स्वतःच भरलं. त्याआधी आठवड्यामागून आठवडे त्याच्या लेखकांनी चिक्कूपणाचे शेकडो लहान प्रसंग रचले होते, तळघरातल्या तिजोरीपासून खिळखिळ्या मॅक्सवेल गाडीपर्यंत. सातत्य यासाठी असतं. पर्सोना नसलेल्या कलाकाराला प्रत्येक विनोदाची मांडणी शून्यापासून करावी लागते: मी कोण, मला काय खुपतं, तुम्ही का हसावं. डेंजरफील्डला ती लागत नव्हती. म्हणून त्याचे विनोद एका वाक्याचे असत आणि एकामागून एक धडाधड येत.

बेनी खऱ्या आयुष्यात उदार होता. वाद्यवृंदांसाठी त्यानं व्हायोलिन वाजवून मोठा निधी जमवला. म्हणजे चिक्कूपणा बाहेरून आणलेला. डेंजरफील्डचा घाम मात्र बराचसा स्वतःचा होता. वडील व्हॉडव्हिलमध्ये काम करणारे आणि बहुतेक काळ घरापासून दूर, आणि पुढे वाट्याला आलेली ती पत्रे विकण्याची वर्षं. दोन्ही रस्ते चालतात. मला दुसरा जास्त टिकाऊ वाटतो, कारण भरगच्च सेटमध्ये ऐनवेळी डोकं चालेनासं होतं, तेव्हा माणूस आपल्या मूळ स्वभावावर येतो. तो पर्सोनाच्या जवळ असेल तर सावरतो. इंग्लंडच्या जॅक डीचं उदाहरण बोलकं आहे. सुरुवातीचे कार्यक्रम पडल्यावर त्यानं हा धंदा सोडायचं ठरवलं. ठरलेला एक कार्यक्रम उरकायला म्हणून तो वैतागलेल्या चेहऱ्यानं, कुणाला खूश करायची धडपड न करता उभा राहिला, आणि लोक हसले. पुढे तोच आंबट चेहरा त्याची ओळख झाला. प्रेक्षकांनी त्याला निवडून दाखवलं, त्यानं ते ओळखलं.

पर्सोना मोडतो तो बहुधा प्रेक्षकातून कुणी ओरडतो तेव्हा. भित्र्या माणसाच्या अंगात त्या क्षणी एकदम शूर विनोदवीर संचारतो, तो असं काही झणझणीत उत्तर देतो की हॉल दणाणतो. कलाकाराला वाटतं, जिंकलो. मग पुढचा, नेहमी हमखास चालणारा विनोद थंड जातो. हसू येतं, पण उशिरा आणि पातळ. ज्याला आत्ताच कुणाची तरी जीभ कापताना पाहिलं, त्याला वेटर विचारत नाही यावर विश्वास कसा बसणार? त्याचं उत्तरसुद्धा हरणाऱ्याचंच हवं: ‘साहेब, तुम्ही ओरडलात म्हणून कळलं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय. नाहीतर घरात मला वाटतं, मी मनातच बोलतोय.’ ओरडणारा गप्प होतो, आणि माणूस जागेवर राहतो. मग टाय ओढायचा आणि पुढच्या वाक्याला लागायचं.